पैसे घेताना पिन कशाला?

जुना सोफा आठ हजारांना विकायची जाहिरात तुम्ही टाकता. घासाघीस न करता गिऱ्हाईक तयार होतं आणि म्हणतं, "पैसे पाठवलेत, फक्त स्वीकारा." फोनवर यूपीआयची सूचना येते: '₹8,000, सोफ्याचे पैसे मिळवा'.

इथे थांबून नीट वाचा. 'सोफ्याचे पैसे मिळवा' हे शब्द समोरच्याने शेऱ्याच्या जागी स्वतः लिहिलेले असतात. ॲपचं बटण मात्र 'पैसे द्या' असंच सांगतं आणि पुढे पिन मागतं. ही पैशांची मागणी आहे. पिन टाकला की आठ हजार तुमच्याच खात्यातून जातात. पैसे जमा होण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवणं एनपीसीआयने बंद केलं. व्यापाऱ्यांच्या मागण्या मात्र तेव्हा बंद झाल्या नाहीत. शिवाय ठग आता 'पैसे मिळण्यासाठी स्कॅन करा' म्हणत क्यूआर कोड पाठवतात. तो स्कॅन केला तरी पैसे देण्याचाच पडदा उघडतो.

तेव्हा आपला यूपीआय आयडी द्या आणि रक्कम जमा झाल्याचं बँक खात्यातच तपासा. फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर कळवा; रक्कम पुढे वळवली जाण्याआधी ती रोखता येऊ शकते.