पेशी आकसताना टिपायची आहे

फेब्रुवारी उजाडला की शाळाशाळांतून 28 तारखेच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाची तयारी सुरू होते आणि हल्ली तक्त्यांच्या जोडीला मुलांनी केलेला एखादा व्हिडिओही असतो. त्यात मॅक्रो शॉट हवाच असतो. मुंगीचं डोकं, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी. दृश्य सुरेख दिसतं, पण पाच सेकंदांत बघून होतं, कारण त्यात काहीच हलत नाही. ते काम एका फोटोनेही भागलं असतं. व्हिडिओच करायचा तर भिंगाखाली दोन-तीन मिनिटांत डोळ्यांदेखत घडणारी एखादी गोष्ट निवडावी, असं माझं ठाम मत आहे. शाळेत सहज जमणारी अशी गोष्ट म्हणजे ऱ्हिओच्या पानातला रससंकोच.

ऱ्हिओ आपल्याकडे कुंड्यांतून आणि बागेच्या कडेने सर्रास लावलेला असतो. मूळचा तो मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. पान वरून हिरवं, खालून जांभळं. हा जांभळा रंग खालच्या सालीच्या पेशींमधल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या पिशवीत, विरघळलेला असतो. पेशीभोवती मीठपाणी आलं की परासरणाने आतलं पाणी बाहेर जातं, पिशवी आकसते आणि पेशीद्रव्य भित्तीपासून सुटतं. कांद्याच्या पांढऱ्या पापुद्र्यात हेच घडतं, पण रंग नसल्यामुळे आयोडीन वगैरे घातल्याशिवाय चटकन कळत नाही. ऱ्हिओत रंग निसर्गानेच भरून ठेवला आहे.

फोनला लावायचं चिमट्याचं भिंग इथे कुठवर पुरतं, ते आधी पाहू. भिंगावर ‘10x’ लिहिलेलं असतं. हा आकडा भिंगाच्या नाभीय अंतराने 250 मिलिमीटरला भागून काढतात, म्हणजे 10x भिंगाचं नाभीय अंतर 25 मिलिमीटर. फोन लांबवर फोकस करून ठेवला तर वस्तू भिंगापासून तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसते आणि चौकटीच्या रुंदीत पानाचा दोन-तीन सेंटिमीटर भाग मावतो. फुल एचडी व्हिडिओच्या रुंदीत 1920 ठिपके असतात. ऱ्हिओची एखादी पेशी 0.07 मिलिमीटर रुंद धरली, तर तिच्या वाट्याला चार-पाच ठिपके येतात. तेवढ्यात पेशी ओळखू येणार नाही. म्हणून पेशींसाठी सूक्ष्मदर्शक, आणि साल सोलण्याच्या दृश्यासाठी चिमट्याचं भिंग, अशी कामाची वाटणी करावी.

सोलण्याचं दृश्यही बघण्यासारखं असतं. पान तिरकं दुमडून झटक्यात फाडलं की फाटलेल्या कडेला जांभळा, पारदर्शक पापुद्रा लोंबतो. तो चिमट्याने धरून हलकेच ओढायचा. मॅक्रोमध्ये स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम एक-दोन मिलिमीटरची असते आणि बहुतेक फोनमध्ये छिद्र लहान करून ती वाढवण्याची सोय नसते. त्यामुळे फोन हातात धरून फोकस शोधत बसू नये. सारख्या उंचीच्या पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर फोन आडवा ठेवावा आणि खाली वह्या वाढवून-कमी करून पान वर-खाली करावं. उजेड बाजूने यावा, मध्ये बटरपेपर धरावा, नाहीतर पानाच्या तुकतुकीत पाठीवर पांढरे डाग उमटतात. एक अडचण मात्र हमखास येते. दोन-तीन कॅमेऱ्यांचे अनेक फोन वस्तू जवळ आली की आपणहून दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात. भिंग एका कॅमेऱ्यावर आणि चित्र दुसऱ्यातून, असा घोळ होतो. भिंगावर बोट ठेवून बघा. पडदा काळा झाला नाही, तर कॅमेरा बदललेला आहे. सेटिंगमधला आपोआप मॅक्रो बंद केला की हे थांबतं.

आता सूक्ष्मदर्शक. पापुद्र्याचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा स्लाइडवरच्या पाण्याच्या थेंबात ठेवायचा आणि कव्हरस्लिप एका कडेने तिरकी टेकवून हळूहळू खाली सोडायची, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. 10x आयपीस आणि 10x ऑब्जेक्टिव्ह लावलं की फरशी घातल्यासारख्या जांभळ्या पेशी दिसू लागतात. मधूनमधून पर्णरंध्रांच्या हिरवट रक्षक पेशी असतात. काही पेशी रंगहीन दिसतील, विशेषतः कडेच्या. त्या सोलताना फाटलेल्या आहेत. त्यांच्यातला रंग केव्हाच वाहून गेला आणि मीठपाण्यात त्या काहीही करणार नाहीत. चौकटीत गच्च रंगाच्या पेशी येतील अशी जागा शोधण्यात थोडा वेळ घालवावा.

फोन आयपीसला नुसता चिकटवला की मधोमध लहानसं गोल चित्र आणि भोवती काळोख, हा बहुतेकांचा अनुभव. याचं कारण साधं आहे. आयपीसमधून निघालेले किरण काचेच्या थोडं वर एका छोट्या ठिपक्यात एकत्र येतात आणि पुढे पुन्हा पसरतात. शंभरपट वर्धनाला हा ठिपका साधारण सव्वा मिलिमीटरचा असतो. आपला डोळा नकळत तिथेच जाऊन थांबतो, फोनच्या भिंगालाही तिथेच बसवावं लागतं. पांढऱ्या कागदाचा कपटा आयपीसवर धरून वर-खाली करा. उजेडाचं वर्तुळ ज्या उंचीवर सगळ्यात लहान आणि कडक दिसेल, ती ती जागा. आयपीसवर घट्ट बसेल अशी पुठ्ठ्याची नळी करून बरोबर त्या उंचीला कापावी आणि फोन तिच्यावर टेकवून रबरबँडने बांधावा. फोन जड असतो, त्याचा भार नळीवर न देता बाजूच्या डब्यावर द्यावा. बाजारात यासाठी अॅडॉप्टरही मिळतात, पण तत्त्व हेच.

रेकॉर्डिंगचं बटण दाबण्याआधी फोनची एक सवय मोडून काढावी लागते आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. पेशी आकसू लागल्या की त्यांच्याभोवतीची मोकळी जागा वाढते आणि चौकट उजळते. फोनला वाटतं उजेड जास्त झाला, म्हणून तो सगळं चित्र गडद करतो. इकडे आतलं पाणी गेल्यामुळे रंग घट्ट होऊन पेशी खरोखरच गडद होत असतात. म्हणजे प्रेक्षकाला दिसणारा गडदपणा पेशीचा किती आणि फोनचा किती, हे सांगता येत नाही. प्रयोगाचा पुरावाच बिघडला. म्हणून उजेड आणि फोकस दोन्ही आधी कुलूपबंद करायचे. आयफोनवर पडद्यावर बोट दाबून धरलं की AE/AF LOCK अशी अक्षरं येतात. अँड्रॉइडच्या अनेक फोनमध्ये तसंच कुलूप किंवा प्रो मोड असतो, त्यात पांढऱ्या रंगाचा समतोलही पक्का करता येतो. कुलूप लागलं का, हे चित्रीकरणानंतर तपासायचं असेल तर पेशी नसलेला एखादा कोरा कोपरा पाहा. सुरुवातीला आणि शेवटी तो सारखाच उजळ दिसला पाहिजे.

उजेड आरशावरून घ्यायचा असेल तर खिडकीतल्या आकाशाचा घ्यावा, सूर्याचा कधीच नाही. घरातल्या विजेच्या दिव्याखाली चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसले, तर तो विजेचा परिणाम. आपल्याकडे विजेची वारंवारता 50 हर्ट्झ असल्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवलं की पट्टे जातात.

मीठपाणी फार कडक नको. 100 मिलिलिटर पाण्यात तीन ते पाच ग्रॅम मीठ पुरतं. कॅमेरा चालू करून आधी अर्धा मिनिट साध्या पाण्यातल्या पेशी टिपाव्यात. मग कव्हरस्लिपच्या एका कडेला मीठपाण्याचा थेंब सोडायचा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवायचा. कागद जुनं पाणी शोषतो आणि त्याच्या मागोमाग मीठपाणी आत ओढलं जातं. कागद मोठा घेतला तर ओढ इतकी जोराची होते की साल वाहत चौकटीबाहेर जाते, म्हणून तो बोटाच्या नखाएवढाच असावा. हे सगळं 10x ऑब्जेक्टिव्हखालीच करावं. 40x चं टोक काचेपासून एका मिलिमीटरपेक्षाही जवळ येतं आणि मीठपाण्यात भिजतं.

यानंतर जे दिसतं, त्यासाठीच ही सगळी खटपट. थेंबाच्या बाजूच्या पेशी आधी आकसतात, मग त्यांच्या शेजारच्या, आणि जांभळ्या रंगाची माघार चौकटभर सरकत जाते. पेशीभित्ती जागच्या जागी, षटकोनी, आणि तिच्या आत जांभळा गोळा लहान-लहान होत जातो. निवेदनात दिशा सांगताना जपा, कारण सूक्ष्मदर्शकात चित्र उलटं असतं. उजवीकडून सोडलेलं मीठपाणी डावीकडून आल्यासारखं दिसतं. मोबाइलची चौकट फिरवून ते सरळ करता येईल, पण मग पूर्ण व्हिडिओत तसंच ठेवावं.

‘400 पट मोठं करून’ अशी पाटी मात्र देऊ नये. तोच व्हिडिओ फोनवर आणि वर्गातल्या मोठ्या पडद्यावर वेगवेगळ्या आकाराचा दिसतो, तेव्हा हा आकडा कशालाच लागू होत नाही. त्यापेक्षा झूम न बदलता प्लॅस्टिकच्या पारदर्शक मोजपट्टीच्या मिलिमीटरच्या रेघा त्याच ऑब्जेक्टिव्हखाली टिपून घ्याव्यात. साध्या 10x आयपीसमधून दिसणारं वर्तुळ पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास असतं. समजा त्यात एका ओळीत 25 पेशी मोजल्या, तर एक पेशी 0.07 मिलिमीटरची. हे गणित मुलं स्वतः करू शकतात आणि त्यावरून चित्राच्या कोपऱ्यात 0.1 मिलिमीटरची रेघ आखता येते.

शाळेत सूक्ष्मदर्शक नसेल तर फोल्डस्कोप आहे. मेरठमध्ये जन्मलेले आणि स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारे मनु प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक 140 पट वर्धन देतो आणि चुंबकाच्या कडीने फोनला जोडता येतो. पेशी त्यात छान दिसतात. मात्र स्लाइड कागदाच्या घडीत सरकवावी लागत असल्यामुळे बघता बघता मीठपाणी सोडणं अवघड जातं. तिथे साध्या पाण्यातली एक आणि मीठपाण्यातली एक अशा दोन स्लाइड करून आधीचं आणि नंतरचं दाखवावं, आणि या दोन वेगळ्या साली आहेत हे पडद्यावर लिहावं. वेग वाढवला असेल तर ‘चारपट वेगाने’ हेही तसंच लिहावं.

दुसऱ्या बाजूने आता साधं पाणी आत ओढून घ्या. आकसलेले गोळे पुन्हा फुगू लागतात आणि भित्तीला जाऊन टेकतात. सगळ्याच नाही. काही पेशी मेलेल्या असतात, त्यांचा रंग पाण्यात पसरून जातो. संकलन करताना हा भाग कापायचा मोह होतो, पण तो ठेवावा, कारण फुगलेली पेशी जिवंत होती हे शेजारच्या न फुगलेल्या पेशीमुळेच प्रेक्षकाला कळतं.