फाइल पाठवू नका, मॅडम

संध्याकाळी दरांची फाइल मॅडमना दिली. सकाळी ती ग्राहकाकडे जाणार होती. रात्री पुन्हा उघडली, तर मूळ दरयादीत नसलेल्या मालालाही दर लागलेला. सूत्रात शेवटचं FALSE राहिलं होतं:

```
=VLOOKUP(A2,Rates!A:B,2)
```

ते नसलं की नेमका कोड न सापडल्यास एक्सेल त्याच्या अलीकडच्या कोडचा दर उचलतं, तेही मुकाट्याने. FALSE घालताच 9 ओळींत #N/A आलं.

लगेच फोन लावला. "मॅडम, चूक माझी आहे. 9 ओळींचे दर चुकलेत, बाकीचे ताडून पाहिले. खरे दर खरेदी विभागाकडून दहापर्यंत घेते."

त्यांनी एवढंच विचारलं, "मागच्या महिन्याच्या फाइलीतही हेच सूत्र होतं का?"

होतं. ती फाइल मी उघडलीच नव्हती.