तरणतलाव बंद करण्याचा अर्ज

गृहनिर्माण संस्थेच्या तरणतलावाचे सशुल्क सदस्यत्व आजारपणामुळे सोडायचे असेल, तर अर्ज मानद सचिवांच्या नावे करावा. विषयात ‘तरणतलाव सदस्यत्व’ असेच स्पष्ट लिहावे. नुसते ‘सदस्यत्व रद्द करावे’ लिहिले, तर संस्थेच्या मूळ सभासदत्वाशी गोंधळ होतो.

समजा, एप्रिल ते मार्चचे १२,००० रुपये भरले आहेत आणि कानाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी पोहणे बंद करायला सांगितले. मग मजकूर एवढाच पुरे: ‘वैद्यकीय सल्ल्यानुसार मला पोहता येणार नाही. माझे सदस्यत्व ३० सप्टेंबरपासून बंद करावे, उरलेल्या सहा महिन्यांचे ६,००० रुपये व अनामत परत मिळावी.’ सोबत डॉक्टरांचा दाखला जोडावा. त्यात आजाराचे नाव नसले तरी ‘पोहणे टाळावे’ हे वाक्य हवे. आपला आजार समितीभर पोहोचायचे कारण नाही.

परताव्याचा निर्णय मात्र संस्थेच्या नियमांवर ठरतो. ‘शुल्क परत मिळणार नाही’ अशी अट आपण सही केलेल्या फॉर्मवर असेल, तर विनंती सवलतीची करावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी आणि पुढचे बिल नीट तपासावे. देखभाल शुल्क चालूच राहते. तलावाची रक्कम पुन्हा लागली असेल, तर ती पोच दाखवून लेखी हरकत घ्यावी.