परवानगी न मागता गॅलरीत फोटो

पावतीचा एक फोटो गॅलरीत ठेवण्यासाठी अ‍ॅपने फोनमधले सगळे स्टोरेज उघडून मागावे, हे मला पटत नाही. २०१९ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १० पासून त्याची गरजही उरलेली नाही. अ‍ॅप आधी `MediaStore` मध्ये नोंद करते: फाइलचे नाव, प्रकार, `Pictures` फोल्डर आणि `IS_PENDING` ची किंमत `1`. मिळालेल्या पत्त्यावर चित्र लिहून झाले की ती किंमत `0` करायची. हे राहून गेले, तर फाइल असूनही गॅलरीत दिसत नाही. अशी तक्रार आली की आधी तेच तपासावे.

आपण साठवलेले फोटो अ‍ॅपला परवानगीशिवाय वाचता येतात. मात्र अ‍ॅप काढून पुन्हा टाकले, तर फोटो राहतात आणि त्यांच्यावरची मालकी जाते. तेव्हा फोटो पिकर उघडावा. माणसाने निवडलेला तेवढाच फोटो अ‍ॅपला मिळतो.