खालून चौकोनी, वरून गोल

एअर कंडिशनिंगच्या आयताकृती डक्टला गोल पाइप जोडायचा, तर मधे एक खास तुकडा लागतो. त्याचं एक तोंड आयताकृती, दुसरं गोल. तो सपाट पत्र्यातूनच वाकवून करायचा असतो. त्यासाठी पत्रा नेमका कोणत्या आकारात कापायचा, हे आधी काढावं लागतं. कारागीर याला डेव्हलपमेंट म्हणतात.

हा तुकडा नीट पाहिला, तर त्यात चार सपाट त्रिकोण दिसतात, आयताच्या प्रत्येक बाजूवर एक. चार कोपऱ्यांतून मात्र पत्रा पंख्यासारखा पसरत गोलाकडे वळत जातो. या वळणाचे आपण अरुंद त्रिकोण पाडतो.

एक उदाहरण घेऊ. आयत ६०० × ४०० मिमी, गोलाचा व्यास ३००, उंची ३०० आणि दोन्हींचे मध्य एका रेषेत. वरून पाहिल्यासारखं चित्र काढून वर्तुळाचे १२ समान भाग करा. एका कोपऱ्याच्या वाट्याला चार बिंदू येतात. कोपऱ्यापासून त्यांची अंतरं चित्रात २५०, २११, २३६ आणि ३०४ मिमी भरतात. पहिला बिंदू आखूड बाजूसमोरचा, शेवटचा लांब बाजूसमोरचा.

ही मापं थेट पत्र्यावर घेतली, तर तुकडा हमखास चुकतो. त्या रेषा तिरप्या चढतात, आणि वरून पाहताना चढ दिसतच नाही. पण चढ सगळ्यांचा सारखाच आहे, ३०० मिमी. म्हणून एकच काटकोन काढायचा. उभ्या बाजूवर ३०० आणि आडव्या बाजूवर चित्रातलं अंतर घेतलं, की कर्ण म्हणजे खरी लांबी. २५० ची होते ३९०.५, बाकीच्या ३६७, ३८१.५ आणि ४२७.

आता पत्र्यावर ६०० ची रेषा मारा. दोन्ही टोकांवरून ४२७ चे कंस काढा. ते छेदतात तिथे पहिला सपाट त्रिकोण पुरा होतो. पुढे उजव्या टोकावरून ३८१.५ चा कंस आणि नुकत्याच मिळालेल्या बिंदूवरून वर्तुळाच्या एका भागाचं अंतर, असं करत ३९०.५ पर्यंत जा. शेवटी ४०० च्या बाजूचा अर्धा त्रिकोण: २०० आणि जोडाची खरी लांबी ३३५.४. डावीकडेही तेच. असे दोन अर्धे जोडले, की तुकडा पूर्ण.

वर्तुळाच्या भागाचं अंतर घेताना गफलत होते. चित्रातून कंपासने उचललेलं सरळ अंतर ७७.६ मिमी, तर कंसाची लांबी ७८.५. फरक क्षुल्लक वाटतो, पण १२ भागांत घेर सुमारे ११ मिमी कमी पडतो, म्हणजे व्यास साडेतीन मिमीने घटतो आणि पाइप बसत नाही. म्हणून परिघ मोजून त्याला १२ ने भागावं, किंवा भाग २४ करावेत. मग तूट तीन मिमीच्या आत येते.

कात्री लावण्याआधी जोडाची रेषा जिथे ४०० च्या बाजूला मिळते, तिथे गुण्या लावून पाहा. तिथला कोन काटकोन नसेल, तर एखादी खरी लांबी चुकली आहे.