साठ जागांतल्या आपल्या किती?

माहितीपत्रकात ठळक अक्षरांत ‘प्रवेशक्षमता ६०’ छापलेलं असतं. महाराष्ट्रातल्या खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयाचं उदाहरण घ्या. साठपैकी १२ जागा संस्था स्तरावर भरल्या जातात आणि ९ अखिल भारतीय कोट्यात जातात. राज्यातल्या मुलांसाठी उरतात ३९, त्यांतल्याही निम्म्याहून अधिक आरक्षित. खुल्या वर्गातल्या मुलीने साठ हा आकडा विसरलेलाच बरा.

शिक्षण शुल्क माफी योजनेच्या जागा मात्र क्षमतेच्या पाच टक्के, म्हणजे आणखी ३. पण माफी फक्त शिक्षण शुल्काची. विकास शुल्क भरावंच लागतं. वसतिगृह, खानावळ, अनामत हे सगळं बहुधा तक्त्याखालच्या बारीक टिपेत असतं. तीच आधी वाचा.