मंगळवारी भेटू, दिवाळीत नको!

तुमच्या ग्रुपमध्ये असं एक तरी प्रकरण असणारच. तो छान बोलतो, वेळेवर येतो, कॉफीचं बिलही भरतो. पण भेटतो फक्त मंगळवारी. रविवार? जमणार नाही. पंधरा ऑगस्ट? काम आहे. दिवाळी? ‘अगं, दिवाळीत तर विचारूच नकोस.’ मग ग्रुपमधलं कुणीतरी निकाल देऊन मोकळं होतं, ‘लग्न झालंय त्याचं, लिहून घे.’

झालेलं असेलही. पण थांबा. मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करणाऱ्याचा आठवडा नेमका असाच दिसतो. महाराष्ट्रात 2017च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दुकान आठवड्याचे सातही दिवस उघडं ठेवता येतं, फक्त प्रत्येक कामगाराला आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावी लागते. ती सुट्टी गर्दीच्या शनिवार-रविवारी कोण देणार? म्हणून ती सोमवार ते गुरुवारमध्येच कुठेतरी पडते. सणात तर सुट्टी मिळणं अवघडच. 2025मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं मंगळवारी होतं. म्हणजे मंगळवारची सुट्टी असलेल्या सेल्समनचा हक्काचा दिवसही दिवाळीच्या गर्दीत जाऊ शकतो.

आता खरी गंमत इथे आहे. नोकरीने घेतलेली सुट्टी नोकरीला परत द्यावी लागते. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावलं, तर बदली सुट्टी द्यावी, असं हाच कायदा सांगतो. म्हणजे दिवाळी उलटली, की त्याच्याकडे मधलाच एखादा जादा दिवस यायला हवा. ‘गुरुवारी कॉम्प ऑफ मिळालाय, भेटूया का?’ असा मेसेज आला, तर रोस्टर खरं असण्याची शक्यता बरीच. (सगळे मालक कायदा पाळतात असं नाही, त्यामुळे मेसेज आला नाही म्हणून लगेच ब्लॉक करू नका.) शिवाय रोस्टर हलतं. स्टाफ कमी पडला की मंगळवारचा बुधवार होतो, आणि तो वैतागून तसं सांगतोही. वर्षभर एकदाही न हललेला मंगळवार मला जास्त खटकतो.

घरातली कारणंही असतात, आणि ती लोक पटकन सांगत नाहीत. समजा, त्याची आई अंथरुणाला खिळलेली आहे. ब्युरोची बाई मंगळवारी आणि शुक्रवारी दिवसभर येते, तेव्हाच तो मोकळा. सणाला बाई गावी जाते, मग हा घरात अडकतो. किंवा त्याचा घटस्फोट झालाय आणि मूल आईकडे असतं. मुलाला भेटण्याचे दिवस कोर्टाच्या आदेशात ठरलेले असतात. बऱ्याचदा शनिवार-रविवार, अर्धी सुट्टी, सण आलटून-पालटून. असा माणूस लाँग वीकेंडला तुम्हाला टाळणारच, कारण तो दिवस मुलाचा आहे. पण यंदाची दिवाळी कुणाची, हे त्याला महिनोन्‌महिने आधी माहीत असतं. त्याला आयत्या वेळी थाप शोधावी लागत नाही.

मग लपवणारा ओळखायचा कसा? तो भेटला नाही यापेक्षा सणाच्या दिवशी त्याचा फोन कसा वागतो, ते बघा. सेल्समन दुपारच्या जेवणाच्या ब्रेकमध्ये ‘पाय दुखतायत’ म्हणून दोन ओळी टाकतो. आईपाशी बसलेला मुलगा रात्री अकराला तरी बोलतो. दुसरं घर असलेला माणूस मात्र सकाळी एक फॉरवर्डेड शुभेच्छा पाठवून गायब होतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या वेळेत उगवतो. पाडव्याची संध्याकाळ विशेष लक्षात ठेवा. त्या दिवशी बायको नवऱ्याला ओवाळते. भाऊबीजेला दिवसभर ऑनलाइन असलेला, पण पाडव्याला संध्याकाळी सहानंतर फोनच बंद ठेवणारा माणूस असेल, तर प्रश्न विचारायला हरकत नाही. हा पुरावा नाही, घरी आजीही असू शकते. पण गुढीपाडवा, गणपती, दिवाळी अशा तीन सणांत तेच झालं, तर योगायोग म्हणणं कठीण.

आणि रोस्टर खरं असूनही लग्न झालेलं असू शकतं, हेही आहेच. मॉलमधली नोकरी काही ब्रह्मचाऱ्यांनाच मिळत नाही.

म्हणून ‘तुझं लग्न झालंय का?’ यावर थांबू नका, त्याला लोक सरळ ‘नाही’ म्हणतात. दोन आठवडे आधी सांगा, ‘या वेळी मंगळवारऐवजी रविवारी, अर्धा तास, तुझ्या घराजवळच्या टपरीवर चहा.’ सेल्समन लंच ब्रेकचं बघतो, नाहीतर कुणाशी शिफ्ट बदलून मिळेल का ते विचारतो. घरात अडकलेला म्हणतो, ‘खाली येतो, पण आई एकटी आहे, वीस मिनिटंच.’ मुलाचा बाबा म्हणतो, ‘रविवार मुलाचा आहे, त्याच्या पुढचा चालेल का?’ तिघांच्याही उत्तरात दुसरी एखादी वेळ असते. ज्याच्या उत्तरात वार नको, वेळ नको आणि मुख्य म्हणजे घराजवळची टपरी तर अजिबातच नको, त्याला पुढचा प्रश्न तिथेच विचारा.